पोट नेमकं कशाने फुगतं? चौदा दिवसांच्या आहार-नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५ (तयारी)

ठिकाण पुणे, मुलींचं होस्टेल. दोन्ही वेळचं जेवण मेसचं, नाश्ता कॅन्टीनमध्ये. तक्रार अशी की आठवड्यातले चार-पाच दिवस संध्याकाळी पोट डब्ब होतं आणि काही सकाळी पहिल्या लेक्चरला गुडगुड चालू असते. संशय साडेचारच्या टपरीवरच्या चहावर, कारण पोट फुगतं ते चहानंतर.

सामान: शंभर पानी वही (३० रुपये), शिंप्याची मोजपट्टी (२० रुपये), फोनमधला अलार्म. मेसची वाटी किती मोठी असते ते मोजायच्या कपाने एकदा पाणी ओतून पाहिलं. १४० मिली भरली. आता नोंदीत 'एक वाटी' म्हटलं की त्याला काही अर्थ आहे.

वहीत पाच रकाने: वेळ, काय खाल्लं, किती, फुगण्याचा आकडा, इतर. 'इतर'मध्ये शौच, झोप, औषध, पाळी. आकडा ० ते ५. प्रत्येक आकड्याला एक खूण ठरवून ठेवली, नाहीतर मंगळवारचे ३ आणि शुक्रवारचे ३ वेगळे निघतात. ० म्हणजे काही नाही. १ म्हणजे लक्ष दिलं तरच जाणवतं. २ म्हणजे लक्ष न देताही जाणवतं. ३ म्हणजे सलवारीची नाडी सैल करावीशी वाटते. ४ म्हणजे वर्गात सरळ बसवत नाही. ५ म्हणजे आडवं पडावं लागतं.

आकडा लिहायच्या वेळा ठरलेल्या: सकाळी उठल्यावर, १०, १२:३०, ३, ६ आणि रात्री १०. फुगल्यावरच लिहिलं तर वहीत फक्त वाईट वेळा जमतात आणि चांगल्या वेळी काय खाल्लं होतं हे कळतच नाही.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेकींचं पोट काही न खाताही फुगतं, म्हणून सुरुवात पाळीच्या सहाव्या दिवसापासून केली. चौदा दिवस एकोणिसाव्या दिवसाला संपतात, तो आठवडा मध्ये येत नाही.

आणि एक यादी आधी तपासली. वजन आपोआप उतरणं, शौचात रक्त, सारखा ताप, झोपेतून उठवणारी पोटदुखी, वारंवार उलट्या, रक्त कमी असल्याचा रिपोर्ट, घरात कोणाला सिलिॲक रोग, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो. यातलं एकही असेल तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टर. माझ्याबाबतीत काही नव्हतं.

पहिल्या आठवड्याचा नियम: खाण्यात काहीही बदल नाही, फक्त लिहायचं.

दिवस १, सोमवार ६ जानेवारी

सकाळी ७:४५ दूध एक ग्लास, ८:१५ पोहे. दुपारी मेसचं जेवण. ४:३० चहा. आकडे: १० वाजता ३, संध्याकाळी ६ ला ४.

रात्री वाचून पाहिलं तेव्हा पहिली चूक दिसली. दुपारच्या रकान्यात फक्त 'मेस थाळी' लिहिलं होतं. एका आठवड्याने याचा काडीचा उपयोग होणार नाही. आठवून दुरुस्त केलं: पोळ्या ३, मोड आलेल्या मटकीची उसळ १ वाटी, तुरीची आमटी १ वाटी, भात १ वाटी, कच्चा कांदा ४ चकत्या. उसळीत किती वाढलं हे नक्की आठवेना, म्हणून पुढे प्रश्नचिन्ह. उद्यापासून ताट संपायच्या आधी लिहायचं.

वहीला आज पंचवीस मिनिटं गेली.

दिवस २, मंगळवार ७ जानेवारी

दूध होतं (२५० मिली, त्यात दोन चमचे चॉकलेट पावडर), १० वाजता ३. दुपारी बटाट्याची भाजी, पोळ्या ३, आमटी, भात. चहा ४:३०. संध्याकाळी ६ ला २.

चहा कालच्याइतकाच, आकडा निम्मा. अजून निष्कर्ष काढायचा नाही, पण पेन्सिलीने बारीक टिंब दिलं.

दिवस ३, बुधवार ८ जानेवारी

उठायला उशीर झाला, दूध राहिलं. १० वाजता ०. दुपारी छोले दीड वाटी, पोळ्या ३, भात. जर्नल सबमिशनमुळे टपरीवर जाणं झालं नाही, चहा नाही. तरी संध्याकाळी ६ ला ४.

चहावरचा संशय इथेच पुष्कळ उतरला. गेले काही महिने चहा सोडण्याचे प्रयोग केले त्यांचा उपयोग का झाला नाही तेही कळलं.

आज पट्टीची चूकही सापडली. पहिले दोन दिवस सकाळी कमरेच्या सगळ्यात बारीक भागी मोजलं आणि संध्याकाळी बेंबीवर. फरक ७ सेंटिमीटर निघाला आणि आनंदाने लिहिलाही. तो फरक जागेचा होता. दोन दिवसांची मापं खोडली. आजपासून पट्टी बेंबीवरूनच, उभं राहून, श्वास साधा सोडल्यावर, आरशात पाहून पट्टी पाठीमागे खाली घसरलेली नाही याची खात्री करून. सकाळी शौचानंतर ७०.५, संध्याकाळी ७४.

दिवसभरात दीड-दोन सेंटिमीटर वाढणं सगळ्यांचंच होतं, पोटात जेवण असतं. पाहायचं ते त्याच्यावरचं.

दिवस ४, गुरुवार ९ जानेवारी

दूध होतं, १० वाजता २. दुपारी कोबीची भाजी, पोळ्या ३, आमटी, भात. चहा दोन कप. संध्याकाळी २. कोबी बदनाम असतो, पण एका वाटीला काही झालं नाही. शौच नाही. रात्री लायब्ररी ११ पर्यंत.

दिवस ५, शुक्रवार १० जानेवारी

सकाळी उठल्या उठल्याच २. अजून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे नोंद चुकली असं वाटलं. दुपारपर्यंत कारण सापडलं नाही. मग रूममेटनेच विचारलं, "काल लायब्ररीत ते च्युइंगम किती खाल्लंस?" पाच. वहीत एकही नव्हतं, कारण च्युइंगम 'खाणं' वाटत नाही.

पाकिटावर घटकांत सॉर्बिटॉल लिहिलेलं. बिनसाखरेच्या गोळ्या-च्युइंगममध्ये गोडीसाठी वापरतात ती ही अल्कोहोल जातीची साखर. लहान आतड्यात ती अर्धवटच शोषली जाते, उरलेली मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. शिवाय चघळताना हवा गिळली जाते ती वेगळीच. त्यात कालपासून शौच नाही. पोट आधीच भरलेलं असेल तर पुढचं सगळंच जास्त जाणवतं. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या आकड्यांवर मी कमी भरवसा ठेवला आहे.

वहीच्या पुठ्ठ्यावर आता लिहून ठेवलं: च्युइंगम, बडीशेप, खोकल्याच्या गोळ्या, ॲसिडिटीचं औषध, प्रोटीन पावडर, सरबत. ज्या गोष्टी ताटात नसतात त्याच वहीतून सुटतात.

बाकी नोंद: दूध होतं, १० वाजता ३. दुपारी चवळीची उसळ १ वाटी. संध्याकाळी ४.

दिवस ६, शनिवार ११ जानेवारी

दूध नाही. सकाळी शौच व्यवस्थित, उठल्यावर ०. ९:४५ ला बाहेर मिसळ एक प्लेट, पाव २, वर कच्चा कांदा, नंतर चहा. १० ला ०. १२:३० ला १. दुपारी २ ला वेगळी नोंद घ्यावी लागली: ४. संध्याकाळी ६ ला २.

या आठवड्यातली सगळ्यात कामाची नोंद ही. एरवी ४ हा आकडा संध्याकाळी ६ ला येतो, आज दुपारी २ ला आला. कारण मटकी-वाटाणा एरवी १ वाजता पोटात जातो, आज पावणेदहाला गेला. फुगणं संध्याकाळ पाहून येत नाही, खाण्यापासून साधारण चार-पाच तास मोजून येतं.

दिवस ७, रविवार १२ जानेवारी

दूध नाही. १० वाजता १. दुपारी पुऱ्या ५, बटाट्याची भाजी, श्रीखंड १ वाटी. संध्याकाळी २.

श्रीखंडाला काही झालं नाही हे लक्षात ठेवण्यासारखं. दुधात त्रास देणारा भाग म्हणजे त्यातली साखर, लॅक्टोज. चक्का बांधताना पाण्यासोबत त्यातला बराच निघून जातो, आणि दही लागताना जिवाणूंनी थोडा आधीच खाल्लेला असतो. म्हणजे दूध चुकलं तरी दही-ताक चुकेलच असं नाही.

पहिल्या आठवड्याचा हिशोब (रविवारी रात्री, दीड तास)

पहिल्यांदा चुकीच्या पद्धतीने केला. प्रत्येक ३ किंवा त्यावरच्या आकड्याच्या लगेच आधी काय खाल्लं याची यादी काढली. यादीत चहा पहिला आला, मी पुन्हा जिथून निघाले होते तिथेच. अर्धा तास वाया.

मग प्रत्येक मोठ्या आकड्यामागे तीन खिडक्या आखल्या: शेवटचा एक तास, त्याआधीचे एक ते तीन तास, आणि तीन ते सहा तास. प्रत्येक खिडकीत काय पडतं ते लिहिलं. तसंच छोट्या आकड्यांमागेही, कारण फक्त वाईट दिवसांची यादी काहीच सिद्ध करत नाही.

चहा शेवटच्या तासाच्या नाहीतर त्याच्या पुढच्या खिडकीत पडतो, पण मंगळवार-गुरुवारीही तिथेच होता आणि तेव्हा आकडा २ होता. बुधवारी नव्हता तरी ४. चहा सुटला. त्यात दूधही फार तर चाळीस-पन्नास मिली असतं.

तीन ते सहा तासांच्या खिडकीत चारही मोठ्या आकड्यांमागे कडधान्य आहे: मटकी, छोले, चवळी, मिसळ. मंगळवार, गुरुवार, रविवार या तीन दिवशी उसळ नव्हती आणि आकडा २ च्या वर गेला नाही. कडधान्यातल्या काही साखरा पचवायला माणसाच्या लहान आतड्यात पाचकरसच नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्या आंबवून गॅस करतात. तिथपर्यंत पोचायला लागणारे तास म्हणजे हा उशीर.

सकाळचं प्रकरण वेगळं. दूध घेतलं त्या चार सकाळी १० वाजता ३, ३, २, ३. न घेतलेल्या तीन सकाळी ०, ०, १. दुधाचा उशीर दोन-अडीच तासांचा, कारण रिकाम्या पोटी पातळ दूध झपाट्याने खाली सरकतं. अडीचशे मिली दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं.

म्हणजे संशयित दोन, आणि दोघांचं घड्याळ वेगळं. एकच कारण शोधत बसले असते तर दोन्ही हातातून सुटली असती.

वहीची एक मर्यादा इथेच दिसली. पोळ्या रोज तीन. जी गोष्ट रोज सारखीच खाल्ली जाते ती वहीत कधीच पकडली जात नाही, कारण तिच्याशिवायचा दिवसच नसतो. आमटीतली तूर आणि फोडणीतला कांदा-लसूण यांचंही तेच. संध्याकाळचे ते कायमचे २ यातल्या कोणाचे असतील तर या आठवड्यावरून सांगता येणार नाही. आणि वहीत पकडला गेला नाही म्हणून गहू आपल्या मनाने बंद करायचा नाही. सिलिॲक रोगाची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करावी लागते, आधीच सोडला तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

दुसऱ्या आठवड्याची योजना: सोम-मंगळ दूध आणि कडधान्य दोन्ही बंद, पोट शांत करायचं. बुधवारपासून सकाळी दुधाची चाचणी, दुपारी कडधान्याची.

दिवस ८, सोमवार १३ जानेवारी

योजना पहिल्याच दिवशी पडली. आज भोगी. कॅलेंडर पाहिलं नव्हतं. मेसमध्ये एकच भाजी, तीही भोगीची: हरभऱ्याचे सोले, पावटे, घेवडा, वाटाणा, वांगं, गाजर, तिळाचं कूट. सोबत बाजरीची भाकरी दोन, वर लोणी. भाजी सव्वा वाटी. आमटी नव्हती.

सकाळी दूध नाही, १० ला ०. संध्याकाळी सव्वासहाला ५, दोन आठवड्यांतला सगळ्यात मोठा आकडा. सकाळी ७०.५, संध्याकाळी ७५.५.

एक दिवस गेला, पण ही नोंद आपणहून ठरवून घेता आली नसती. आज ताटात गहू अजिबात नव्हता, सकाळपासून दूधही नव्हतं, आणि तरीही ५. म्हणजे मोठा आकडा यायला पोळीही लागत नाही आणि दूधही लागत नाही. पावट्याला आणि हरभऱ्याला घरोघरी वातूळ म्हणतात ते उगाच नव्हे.

दिवस ९, मंगळवार १४ जानेवारी

संक्रांत. कडधान्य टाळलं, दूध टाळलं. गूळपोळ्या दोन, तूप. संध्याकाळी ३. कारण रात्री मेसच्या मावशींनी सांगितलं: सारणात भाजलेलं बेसन असतं. बेसन म्हणजे हरभरा. शिवाय कालचं पोटही पूर्ण उतरलेलं नव्हतं, सकाळी उठतानाच १ होता. हा दिवस हिशोबात धरला नाही. कोणी सुरुवात करणार असेल तर सणाच्या आठवड्यात करू नका.

दिवस १०, बुधवार १५ जानेवारी

दुधाची चाचणी डोळ्यांआड करायची असं ठरलं होतं. आपण दूध पितोय हे माहीत असलं की पोट दहा मिनिटांतच गुडगुडायला लागतं, ते लॅक्टोजमुळे असतंच असं नाही. म्हणून दोन प्रकारचं दूध: साधं आणि बिनलॅक्टोजचं, २५० मिलीचे टेट्रापॅक (३० रुपयाला एक). रूममेट कोणतं ओतायचं ते ठरवणार आणि चिठ्ठीवर लिहून पाकिटात टाकणार. दोन्हींत सारखीच चॉकलेट पावडर, तोच स्टीलचा ग्लास.

पहिल्याच घोटाला ओळखलं. जास्त गोड लागलं. बिनलॅक्टोजच्या दुधातला लॅक्टोज काढलेला नसतो, त्याचे आधीच दोन साध्या साखरांत तुकडे केलेले असतात, आणि त्या साखरा लॅक्टोजपेक्षा गोड लागतात. आजची चाचणी रद्द, ३० रुपये पोटात.

उपाय: साध्या दुधात रूममेटने थोडी साखर घालायची. किती, ते तिसऱ्या एका मुलीला दोन्ही चाखायला देऊन ठरवलं. सपाट दीड चमच्याला तिला फरक सांगता येईना. आणि एक भर: प्यायल्या प्यायल्या मी माझा अंदाज वहीत लिहायचा, 'साधं' की 'ते'. शेवटी अंदाज बरेच बरोबर निघाले तर चाचणी उघडी पडली असं समजायचं.

दुपारी दुधी, पोळ्या, भात, आमटी. संध्याकाळी १.

दिवस ११, गुरुवार १६ जानेवारी

दूध क्रमांक १. अंदाज: 'ते'. १० वाजता ३, १२:३० ला १.

कडधान्याची चाचणी आजपासून. बाजारातून चवळी २०० ग्रॅम आणली (३० रुपये). मावशींनी छोट्या कुकरमध्ये वेगळी करून दिली, मेसमध्ये करतात तशीच: रात्री भिजत घालून त्याच पाण्यात शिजवलेली, फोडणी नेहमीची. ६० ग्रॅम कोरड्या चवळीची शिजून एक वाटी होते. आज फक्त अर्धी वाटी, बाकी ताट नेहमीचं. संध्याकाळी ६ ला २.

दिवस १२, शुक्रवार १७ जानेवारी

दूध क्रमांक २. अंदाज: 'ते'. १० वाजता ०. दुपारी मेसमध्ये चवळीच होती, घेतली नाही. बटाटा, पोळ्या, आमटी. संध्याकाळी १.

वहीला आता दिवसाला दहा-बारा मिनिटं लागतात. एक सवय लावली: आकडा लिहिण्याआधी आधीची पानं दुमडून ठेवायची. मागचा आकडा दिसला की हात आपोआप तोच लिहितो.

दिवस १३, शनिवार १८ जानेवारी

दूध क्रमांक ३. अंदाज: 'साधं'. १० वाजता २, १२:३० ला १. दुपारी चवळी पूर्ण एक वाटी, करायची पद्धत गुरुवारचीच. संध्याकाळी ६ ला ४. पट्टीवर मात्र वाढ जेमतेम २.५ सेंटिमीटर, रोजच्यापेक्षा फार नाही. जाणवणं आणि मोजणं नेहमी जुळत नाही. आतडं हळवं असेल तर थोडा गॅसही भरपूर वाटतो. म्हणून दोन्ही रकाने ठेवायचे, एकाच्या जोरावर दुसरा खोटा ठरवायचा नाही.

दिवस १४, रविवार १९ जानेवारी

दूध क्रमांक ४. अंदाज: 'ते'. १० वाजता १. दुपारी साडेबाराला चवळी एक वाटी, पण आज भिजवलेलं पाणी दोनदा फेकून नव्या पाण्यात शिजवलेली. गॅस करणाऱ्या साखरा पाण्यात विरघळतात, तेव्हा पाणी फेकलं की थोड्या कमी व्हायला हव्यात. साडेपाचला ३.

१ वाजता पाकीट उघडलं. क्रम: साधं, बिनलॅक्टोज, साधं, बिनलॅक्टोज. दहाचे आकडे: ३, ०, २, १. साध्या दुधाचे दोन्ही आकडे वर, दुसऱ्याचे दोन्ही खाली.

अंदाज मात्र चारपैकी पहिला चुकीचा, बाकी तीन बरोबर. हे थोडं खटकलं. चारपैकी तीन नुसत्या नशिबानेही येतात, त्यामुळे चव उघडी पडली असं म्हणता येत नाही, पण पडली नाही असंही छातीठोक नाही. आणि दोन साधी, दोन बिनलॅक्टोज हे आधी माहीत असताना चार सकाळी मांडायच्या पद्धती सहाच होतात. म्हणजे आकडे असे बरोबर जुळून येणं सहातून एकदा योगायोगानेही घडतं. पहिल्या आठवड्यातल्या सात सकाळी जोडल्या की पारडं जड होतं, म्हणून दुधावर शिक्का मारायला मी तयार आहे. फक्त या चार ग्लासांवर मारला नसता.

पाकीट उघडल्यावर मोठी चूक दिसली. शनिवारी चवळीची पूर्ण वाटी आणि साधं दूध एकाच दिवशी आलं. रविवारी पाणी फेकलेली चवळी आणि बिनलॅक्टोजचं दूध एकत्र आलं. मग ४ चा ३ झाला तो पाणी फेकल्यामुळे की सकाळचं दूध बदलल्यामुळे? सांगता येत नाही. दुधाचा परिणाम साडेबारापर्यंत उतरतो हे धरून मी दोन्ही चाचण्या एका दिवसात कोंबल्या, पण शनिवारी साडेबाराला आकडा ० नव्हता, १ होता. पाणी फेकण्याबद्दलचा निष्कर्ष खोडला. दोन चाचण्या दोन वेगळ्या दिवशीच व्हायला हव्या होत्या, आणि त्यासाठी चौदा दिवस कमी पडतात. भोगीला गेलेला दिवस इथे लागला असता.

अर्ध्या वाटीचा निष्कर्ष मात्र टिकतो. गुरुवारी साधं दूध असूनही अर्ध्या वाटीला आकडा २ च्या वर गेला नाही. चूक झाली असती तर आकडा वाढवण्याकडे झाली असती.

खर्च: वही ३०, पट्टी २०, बिनलॅक्टोजचे तीन टेट्रापॅक ९०, चवळी ३०. एकूण १७०. वेळ रोजची पंधरा मिनिटं धरून साडेतीन तास, वर हिशोबाचे दोन.

आजपासूनचा बदल: सकाळचं दूध रिकाम्या पोटी अडीचशे मिली नाही. शंभर मिली, तेही पोह्यांसोबत, आणि दही-ताक चालू. मेसमध्ये उसळ अर्धी वाटी, उरलेली जागा पालेभाजीला. कडधान्य पूर्ण बंद करत नाही, शाकाहारी मेसमध्ये प्रथिनं दुसरीकडून फारशी येत नाहीत. बिनसाखरेचं च्युइंगम बंद. चहा पूर्ववत साडेचारला.

पुढची नोंद ३ फेब्रुवारीपासून, तोवर पाळी होऊन जाईल. तीन दिवस पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, नंतर तीन दिवस पुन्हा पोळी. दूध आणि उसळ सहाही दिवस सारखीच. मावशींना भाकरीचं सांगून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, दोनच देईन, तिसरी मागू नकोस.